छोटा बाण, मोठा बाण आणि मायनस सर

देऊळगाव राजाच्या बसस्टँडवर उतरून वकार सर कुठं राहतात असं विचारलं, तर चार लोक चार दिशांना बोटं दाखवतील. मायनस सर म्हणा, कोणीही पार दारापर्यंत पोचवून देईल, आणि जाता जाता एखादा किस्साही सांगेल.

नाव पोरांनी ठेवलं होतं, आणि ते मुळीच प्रेमानं ठेवलेलं नव्हतं. एकोणीस वर्षं हा माणूस आपल्या घरच्या क्लासात नववी-दहावीला विज्ञान शिकवत होता. पेपरात गणित बरोबर, उत्तर बरोबर, एकक बरोबर, पण एका आडव्या रेघेवाचून गुण शून्य. "सर, उत्तर तर पंधराच आलं ना!" असं कोणी कुरकुरलं, की सर चष्म्यावरून बघायचे. "पंधरा पायऱ्या चढनं आन पंधरा पायऱ्या उतरनं एकच हाय का बे? गच्चीवर जाशील का हिरीत?" विहिरीत कोणालाच जायचं नसतं.

आरशाची किरणाकृती म्हटली की त्यांचे तीन हट्ट. आरशाच्या मागच्या बाजूला तिरप्या रेघोट्या हव्यात, म्हणजे चकचकीत बाजू कोणती ते कळतं. किरणांवर बाण हवेत, म्हणजे उजेड कुठून येतो ते कळतं. आणि जे किरण खरे नाहीत, नुसते मागं वाढवलेले आहेत, ते तुटक हवेत. यातलं एक जरी नसलं, तर ते वही मिटून परत द्यायचे. "हे चित्र नाही, गिचमिड हाय. गिचमिडीचं गणित मी सोडवत नसतो."

याच्यावर कळस म्हणजे त्यांची प्रतिज्ञा. दरवर्षी जूनमध्ये पहिल्या तासाला ते छाती काढून सांगायचे, "ज्या दिवशी माझं चिन्ह चुकंल, त्या दिवशी क्लास बंद." एकोणीस जून गेले, चिन्ह चुकलं नाही. बायको यास्मीन म्हणायची, एवढा गर्व बरा नव्हे. सर म्हणायचे, गर्व नाही, कार्टेशियन चिन्ह संकेत आहे. शिवणयंत्राचं पायडल हाणत ती म्हणायची, दोन्ही एकच दिसतंय मले.

सरांचं विज्ञान गावात सगळीकडं फिरायचं, नको तिथंसुद्धा. बोंडअळीच्या वर्षी, म्हणजे ज्या बीटी कपाशीला अळी लागतच नाही असं पाकिटावर छापलेलं होतं तिचीच बोंडं आतून किडली तेव्हा, कृषी खात्यानं लोकांना हातात धरायची भिंगं वाटली. अळी ओळखा म्हणून. सर एका बांधावर पोचले आणि दहा-बारा जणांना त्यांनी तिथंच शिकवायला घेतलं. भिंगाचं नाभीय अंतर पाच सेंटिमीटर. अळी भिंगापासून चार सेंटिमीटरवर, डावीकडं, म्हणून उणे चार. मग प्रतिमेचं अंतर उणे वीस. विशालन अधिक पाच. "म्हंजे प्रतिमा अळीच्याच बाजूले, आभासी, सुलट आन पाचपट मोठी. समजलं?"

इंद्रभान नावाचा शेतकरी बराच वेळ भिंगातून बघत होता. तो म्हणाला, "सर, प्रतिमा असंल आभासी. नुकसान वास्तव हाय."

लोक खो-खो हसले. सरही हसले, पण घरी येऊन त्यांनी ते वाक्य यास्मीनला दोनदा सांगितलं.

त्या वर्षानंतर इंद्रभानसारख्या पुष्कळांनी नेहमीची कपाशी सोडून कंपनीसाठी बियाणं तयार करायची कपाशी धरली. या कामाला इकडं क्रॉसिंग म्हणतात. शेतात नराच्या ओळी वेगळ्या, मादीच्या ओळी वेगळ्या. संध्याकाळी मादीच्या कळ्या सोलून आतले केसर काढून टाकायचे, सकाळी नराचं फूल आणून तिच्यावर फिरवायचं आणि दोरा बांधायचा. काम बारीक बोटांचं, म्हणून बायका आणि पोरी. तालुक्यातला मोठा प्लॉट भगवंतरावांचा. बियाण्याच्या कंपनीकडून काम आणून गावभर वाटणारा माणूस, म्हणून त्यांना सगळे ऑर्गनायझर म्हणायचे, आणि ते स्वतःला साहेब म्हणवून घ्यायचे.

कंपनीचे लोक पाहणीला आले की पहिला प्रश्न असायचा, ही पोरं शाळेत का नाहीत? भगवंतरावांनी यावर नामी युक्ती काढली. प्लॉटजवळचं आपलं पत्र्याचं गोदाम रिकामं करून तिथं दुपारच्या सुटीत क्लास सुरू करायचा. साहेब लोकांना फोटो काढायला पाठीमागं फळा मिळेल. शिक्षणाची एवढी कळकळ तालुक्यात दुसऱ्या कोणाला नव्हती.

आता गोदाम द्यायचं कोणाला? एकीकडं वकार सर. त्यांच्या घरातल्या क्लासला क्रॉसिंगच्या दिवसांत कुत्रं फिरकत नव्हतं, कारण पोरं सगळी प्लॉटवर. पोरांकडं जाता आलं नाही तर क्लास या हंगामात मरणार होता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुसरीकडं कुलदीप. जालन्याच्या एका क्लासची शाखा चालवायचा. हातात टॅब, टॅबात ॲप. प्रश्नाचा फोटो टाका, तीस सेकंदांत उत्तर. हा कुलदीप वकार सरांचाच जुना विद्यार्थी, हे दुखणं वेगळंच. रविवारी दुपारी आईबापांसमोर बैठक ठरली. तोवर भगवंतरावांनी एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला, त्यात दोन्ही मास्तर, पोरं आणि पालक कोंबले, आणि त्याला नाव दिलं 'ज्ञानयज्ञ'. पहिल्या दिवशी त्यात फक्त गुलाबाच्या फुलांचे फोटो आले.

शुक्रवारी एक खरा प्रश्न आला. इंद्रभानची मुलगी डिंपल नववीत होती. हुशार, पण आळशी. चिन्ह खाण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिनं गाईडातली एक आकृती वहीत काढून तिचा फोटो टाकला. फोटोखाली टाईप केलं, 'छोटा बाण आरशापासून १० सेमी, मोठा बाण ३० सेमी. नाभीय अंतर काढा. आरसा कोणता? प्रतिमेचे स्वरूप सांगा.'

सर तेव्हा स्टँडसमोर चहा पीत होते. फोटोत मधोमध आरसा, पोट डावीकडं फुगलेलं. डावीकडं लांब मोठा बाण, उजवीकडं जवळ छोटा बाण. रेघोट्या नाहीत. किरणांवर बाण नाहीत. तुटक रेषा नाहीत. शुद्ध गिचमिड. दुसरा कोणताही दिवस असता तर त्यांनी वही परत केली असती. पण ग्रुपवर 'कुलदीप टायपिंग' असं दिसत होतं.

बस्स. चहा टेबलावर ठेवून सरांनी फोन तोंडाशी धरला. "वस्तू डावीकडं, यू उणे तीस. प्रतिमा आरशामागं, व्ही अधिक दहा. एक छेद एफ बरोबर एक छेद दहा वजा एक छेद तीस, म्हंजे दोन छेद तीस. एफ अधिक पंधरा. अधिक आला म्हंजे आरसा बहिर्गोल. विशालन अधिक एक छेद तीन. प्रतिमा आभासी, सुलट, वस्तूच्या एक तृतीयांश. डिंपल, रेघोट्या काहाडत जाय." रेघोट्यांची आठवण त्यांना शेवटी झाली, उत्तर पाठवून झाल्यावर नव्हे, पण सोडवून झाल्यावर.

दहा मिनिटांनी कुलदीपनं गाईडाच्या शेवटच्या पानाचा फोटो टाकला. उत्तर: उणे पंधरा. आरसा अंतर्गोल. प्रतिमा आभासी, सुलट, तिप्पट. त्याखाली हात जोडल्याची खूण आणि 'सर, मायनस राहिला वाटतं.'

ग्रुपवर जे व्हायचं ते झालं. ज्यांनी एकोणीस वर्षांत त्या एका रेघेपायी गुण गमावले होते, ते सगळे एकदम जागे झाले. कोणी हसरे चेहरे, कोणी फटाके. पुण्याला नोकरीला असलेल्या एकानं तर पेढ्यांचा फोटो टाकला. तो ग्रुपात आला कसा, हेच कोणाला कळलं नाही. एकानं थेट विचारलं, 'सर, क्लास बंद ना मग?'

सरांनी ते गणित घरी सात वेळा केलं. सातही वेळा अधिक पंधरा. फोटो तसाच, आरशाचं पोट तसंच. चूक सापडेना आणि उत्तर तर चुकलेलं. त्यांना खरंच भीती वाटली. वय झालं की माणसाला आधी कमी दिसतं, मग कमी ऐकू येतं, पण उणे-अधिक कळेनासं होतं असं त्यांनी कुठं वाचलं नव्हतं.

"नका जाऊ रविवारी," यास्मीन म्हणाली.

"जाऊन सांगतो. बंद म्हंजे बंद. तोंडानं बोललो ना मी?"

"तोंडानं तं तुमी लय बोलता," ती म्हणाली, आणि त्यांचा बरा सदरा इस्त्रीला घेतला.

रविवारी दुपारी एकला गोदाम भरलं. बायका डबे सोडून बसल्या होत्या, नखांत कपाशीचा पिवळा रंग. भगवंतराव खुर्चीवर, कुलदीप टॅब घेऊन शेजारी. सर दारातच उभे राहिले आणि कोणी विचारायच्या आत म्हणाले, "एक डाव डिंपलची वही पाहू द्या. मग काय ते बोलतो."

डिंपलनं वही आणली. सरांनी पान उघडलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. वहीत छोटा बाण डावीकडं होता. मोठा उजवीकडं. आरशाचं पोट उजवीकडं.

"हे बदललं कोणं?" सर ओरडले. "फोटो पाठवला वेगळा, वहीत काढलं वेगळं! मले बदनाम कराले कोणं शिकवलं तुले?" बोलताना त्यांनी कुलदीपकडं बघितलं.

डिंपलचे डोळे भरले. पण पोरगी इंद्रभानची होती, ती रडत रडत भांडली. "म्या कायले बदलीन? हीच वही, हेच पान! थांबा, पुन्हा काढून दाखवते." तिनं आईचा फोन घेतला, पान पुढं करून वही छातीशी धरली आणि फोन सेल्फी काढतात तसा पडदा आपल्याकडं करून धरला.

"असा काऊन धरला?" सरांनी विचारलं.

"मागचा कॅमेरा फुटेल हाय. म्या सगळे फोटो सेल्फीच्या कॅमेऱ्यानं काढते."

फोटो निघाला. सरांनी एका हातात वही घेतली, एका हातात फोन. वहीत छोटा बाण डावीकडं, फोनमध्ये उजवीकडं. मग त्यांनी वहीचं पान दारातल्या उजेडासमोर धरलं आणि मागच्या बाजूनं बघितलं. हुबेहूब फोनसारखं. आरशात बघून कुंकू लावताना बाईचा उजवा हात डावा दिसतो, तसं त्या कॅमेऱ्यानं अख्खं गणित उलटं करून ठेवलं होतं.

"आरशाचं गणित," सर हळूच म्हणाले, "आरशात पाहून सोडवलं म्या."

कुलदीपनं टॅब पुढं केला. "पण सर, ॲपनं..."

"ॲपले कोण्तं चित्र दाखवलं तू?"

कुलदीपनं टॅब मागं घेतला. ॲपला त्यानं काहीच दाखवलं नव्हतं, गाईडाचं शेवटचं पान उघडलं होतं. सरांच्या आग्रहावरून त्यानं आता फोनमधला फोटो ॲपला दिला. तीस सेकंदांत उत्तर आलं, बहिर्गोल, अधिक पंधरा. वहीचा फोटो दिला. अंतर्गोल, उणे पंधरा. दोन्ही वेळा ॲपला काडीची शंका नव्हती. भगवंतरावांनी विचारलं, "मंग खरं कोण्तं?" कुलदीपनं पुन्हा टॅबकडं बघितलं. आपल्या जुन्या विद्यार्थ्याचं ते बघणं सरांना शुक्रवारच्या सगळ्या फटाक्यांपेक्षा जास्त लागलं.

इंद्रभान डबा खाता खाता ऐकत होता. तो म्हणाला, "सर, मले फिजिक येत नाही. पन म्हंजे तुमी नर कोण्ता आन मादी कोण्ती हे न विचारता क्रॉस करून टाकला?"

बायका हसल्या, पण लगेच माना डोलवायला लागल्या. गेल्या साली दक्षिणेकडच्या तुकड्यात ओळींच्या खुणा बदलल्या होत्या, नराची बोंडं बियाण्यात आली, आणि कंपनीनं अख्खा माल परत पाठवला होता. फुलं तीच, माणसं तीच, नुसती ओळ चुकली. सगळ्यांना एका क्षणात कळलं, जे सरांना एकोणीस वर्षं शिकवूनही नीट सांगता आलं नव्हतं.

"हाव," सर म्हणाले. "तसंच झालं. वस्तू कोण्ती, उजेड कुठून येते, हे विचाराच्या आंधी म्या उत्तर देलं. पोरीचा फोन फुटेल होता, माझं डोकं तं फुटेल नव्हतं. शब्द देल्ला होता, चुकलो तं क्लास बंद. बंद." त्यांनी वही डिंपलच्या हातात दिली आणि वळले.

"सर, थांबा," डिंपल म्हणाली. "खडू द्या."

सरांच्या सदऱ्याच्या खिशात खडू असायचाच. तिनं तो जवळजवळ ओढून घेतला आणि गोदामाच्या मातकट भिंतीवर वहीतलं चित्र काढलं. काढताना आरशाच्या मागं रेघोट्या मारल्या, खसाखसा, गरजेपेक्षा जास्तच.

"वस्तू छोटी. उजेड डावीकून. यू उणे दहा. प्रतिमा आरशाच्या मांगं, व्ही अधिक तीस. एक छेद तीस वजा तीन छेद तीस. उणे दोन छेद तीस. एफ उणे पंधरा, म्हंजे अंतर्गोल. विशालन उणे व्ही छेद यू, उणे आन उणे, अधिक तीन. आभासी, सुलट, तिप्पट." मग शेजारी तिनं फोनमधलं चित्र काढलं, रेघोट्या उजवीकडं. "आता हे. वस्तू मोठी. यू उणे तीस, व्ही अधिक दहा. तीन छेद तीस वजा एक छेद तीस. अधिक पंधरा. बहिर्गोल. अधिक एक छेद तीन. आभासी, सुलट, लहान." ती लोकांकडं वळली. तोंडावर खडूची पूड आणि सुकलेलं पाणी. "सरांनी जे पाह्यलं त्याले हेच उत्तर. यातलं कोण्तं चिन्ह चुकलं ते दाखवा. सर, तुमी काय म्हनलं होतं जूनमध्ये? चिन्ह चुकंल तं बंद. चित्र चुकंल तं बंद असं नव्हतं म्हनलं. चित्र माह्यं चुकलं. क्लास बंद होत नसतो."

सरांनी भिंत दोनदा तपासली, सवयीनं, एकेक आडवी रेघ बघत. जूनपासून चिन्हं खाल्लेल्या पोरीची एकही रेघ कुठं राहिली नव्हती. एकोणीस वर्षांत त्यांनी हे असं कोणालाही करताना बघितलं नव्हतं, कारण आजवर पोरं चिन्ह लावायची ती त्यांच्या भीतीनं.

कुलदीपच आधी उठला. "बरोबर हाय," तो म्हणाला. "सर, हे मलेही तुमीच शिकवलं होतं. ॲपपाई विसरलो."

भगवंतरावांनी खिशातून किल्ली काढली आणि सरांच्या हातात ठेवली. वर म्हणाले, "त्या भिंतीवरचं पुसू नका, साहेब लोकाइले फोटो लागते." उद्या एकला वही घेऊन या, एवढंच सर पोरांना म्हणाले.

घरी यास्मीन दारातच उभी होती. त्यांचा चेहरा बघून तिला काहीच अंदाज येईना.

"काय झालं? बंद केला का?"

सर ओट्यावर बसले, चप्पल काढली, चष्मा काढला आणि डोळे पुसले.

"नाही," ते म्हणाले. "डिंपलनं पास केलं मले."